नवात एक, पाचात एक

वहिनीच्या हातात सत्तूर असला की गिऱ्हाईक घासाघीस करत नसे. एकदा एकाने हाड जास्त घातलं म्हणून तिला आईवरून शिवी दिली. तिने सत्तूर लाकडी ओंडक्यात रोवला, कट्ट्यावरून वाकली आणि त्याच्या अशी कानाखाली काढली की तो गडी घेतलेलं मटण तिथेच टाकून चालता झाला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ते न्यायला आली आणि जाताना म्हणाली, "एवढ्यावरच का सोडलंत?" दुकान माझ्या भावाचं, म्हणजे दादाचं. तोडायचं काम वहिनीचं, धुवायचं माझं, आणि गल्ल्यावर बसून सगळ्यांवर डाफरायचं काम दादाचं.

तो डाफरण्यावर थांबला असता तर मी ही गोष्ट सांगायला बसलेच नसते. दादाचा हात उठायचा. पाणी उशिरा आलं म्हणून, पोराने उलट पाहिलं म्हणून, कधी नुसताच. हाताशी जे असेल ते हत्यार: पट्टा, वजनाचा तराजू, सुरीला धार लावायची पोलादी कांडी. मी त्याची धाकटी बहीण, नवरा गेल्यावर दादाच्याच घरी राहिलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण म्हणून मी त्याला चांगला म्हणणार नाही. तो चांगला नव्हता.

जी बाई परक्याच्या कानाखाली काढते ती नवऱ्यापुढे मूग गिळून का बसते, असं मी वहिनीला एकदा विचारलं. ती आतडी सोलत होती. म्हणाली, "वन्सं, बाहेरच्याला मारलं की तो निघून जातो. घरातला संध्याकाळी परत येतो."

तीन पोरं होती घरात. थोरला सतरा वर्षांचा, मधला अकरा, धाकटा सहा. यातला थोरला वहिनीच्या पोटचा नव्हे. दादाची पहिली बायको बाळंतपणात गेली तेव्हा पोर जेमतेम डोळे उघडत होतं. वर्षाच्या आत वहिनी आली आणि तिने ते कडेवर घेतलं, ते पुन्हा खाली ठेवलंच नाही. दादाने सगळ्या नातेवाइकांना बजावलं होतं: "थोरल्याला जो कुणी सांगेल त्याची जीभ या ओंडक्यावर ठेवीन." दादाच्या धमक्या पोकळ नसत, म्हणून कुणी बोललं नाही. पुढे पुढे तर आम्हालाच आठवेनासं झालं. वडाची साल पिंपळाला इतकी घट्ट बसली की ती वडाची होती हे विसरायला झालं.

वहिनीच्या माहेरी रक्ताचा रोग होता. तिचा पाठचा भाऊ रांगायला लागला तेव्हापासून निळाकाळा व्हायचा. गुडघा साध्या टेकण्यानेसुद्धा भोपळ्यासारखा सुजायचा. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासून सांगितलं, याला हिमोफिलिया आहे, तोही जोराचा. रक्त गोठवणारा एक घटक याच्या अंगात बनतच नाही. याला पडू देऊ नका, मारू तर मुळीच नका. त्यांच्या आईचा भाऊही दात काढल्यावर रक्त वाहून वाहूनच गेला होता. हे सगळं त्या पोराच्या बापाला माहीत होतं. तरी एके दिवशी कंदील फुटला म्हणून त्याने नऊ वर्षांच्या पोराला मुस्काटात दिली आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. बाहेर थेंबभर रक्त आलं नाही. पोर उलट्या करत झोपलं ते वहिनीच्या मांडीवर संपलं. बाप सगळ्यांना सांगत सुटला, "रोगाने गेला." गावही तेच म्हणालं. बापाचा हात कुणाच्या बोलण्यात आला नाही. वहिनी बारा वर्षांची होती आणि तिने सगळं पाहिलं होतं.

अशा बाईला अडतिसाव्या वर्षी पुन्हा दिवस गेले.

प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंनी माहेरची हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, आधी जनुकांच्या खोलीत जाऊन या. ती खोली रक्तपेढीच्या मागे होती, पूर्वी चादरी ठेवायची असावी, खिडकी नाही. तिथल्या मॅडम बारीक अंगाच्या, चष्म्याची काडी धाग्याने बांधलेली, आवाज इतका हळू की दादाला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. मी आणि वहिनी खुर्च्यांवर, दादा दारात उभा.

मॅडमनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. मामाचा आणि भावाचा चौकोन त्यांनी काळा भरला. म्हणाल्या, "हा रोग आईकडून येतो. बाईकडे अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी बहुधा निभावून नेते. तिला म्हणायचं वाहक. पुरुषाकडे एकच प्रत. ती बिघडली की रोग. तुमच्या आईचा भाऊ आजारी आणि मुलगाही आजारी, म्हणजे तुमची आई वाहक होतीच. तिच्याकडून तुम्हाला चांगली प्रत आली असेल किंवा बिघडलेली. निम्मं-निम्मं."

"रक्त तपासून कळत नाही का?" मी विचारलं.

"मुलगा आजारी आहे की नाही ते रक्तातून लख्ख कळतं. बाई वाहक आहे का, ते कळेलच असं नाही. बऱ्याच वाहक बायकांचं रक्त ठीकच दिसतं, आणि गरोदरपणात तो घटक आपोआप वाढतो. जनुकात नेमका कुठे बिघाड आहे ते शोधायला भावाचं किंवा आईचं रक्त लागलं असतं."

दोघंही केव्हाच गेलेली. तेव्हा आमच्याकडे याहून पुढची तपासणी नव्हती.

"मुलगे किती?" मॅडमनी विचारलं.

"तीन," वहिनी म्हणाली. लगेच, श्वासही न घेता. मलाही त्यात काही खटकलं नाही. दादालाही नाही. घरात तीन म्हणजे तीनच.

"कुणाला काही त्रास? सांधे सुजणं, जखम न थांबणं?"

यावर दादा हसला. "मॅडम, मी त्यांना आठवड्याला तपासतो. पट्ट्याने. एकाचाही गुडघा सुजला नाही. बैलासारखी आहेत पोरं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग वहिनीच्या गळ्याजवळच्या हिरव्या डागाकडे. दादा मात्र आपण मोठा विनोद केला अशा थाटात दाराला टेकून उभा. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली.

मग मॅडमनी वहिनीकडेच तोंड करून गणित सांगितलं. मला शाळेत गणिताने कायम रडवलं, पण हे मला अजून पाठ आहे. "तुमच्यासारख्या सोळा बायका आहेत असं धरा. निम्म्या वाहक, म्हणजे आठ. आठ नाहीत. प्रत्येकीला तीन मुलगे. ज्या वाहक नाहीत त्यांचे सगळे मुलगे चांगले, म्हणजे त्या आठच्या आठ इथे तुमच्यासारख्या बसतील. ज्या वाहक आहेत त्यांचा पहिला मुलगा चांगला निघेल चौघींचा. दुसराही चांगला, दोघींचा. तिसराही चांगला, एकीचा. तर तीन चांगले मुलगे असलेल्या बायका किती?"

"आठ आणि एक," वहिनी म्हणाली. "नऊ."

"त्यात वाहक एक. म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता आता निम्मी नाही, नवात एक. मुलगा झाला तर तो आजारी असण्याची शक्यता तिच्याही निम्मी, अठरात एक. मुलगा की मुलगी हे माहीत नसताना छत्तिसात एक."

"म्हणजे पोरांनी आईचं रक्त धुतलं म्हणा," दादा म्हणाला.

"रक्त आहे तेच आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलांमुळे ते बदलत नाही. आपल्याला त्याच्याबद्दल जे माहीत आहे तेवढं बदलतं. आणि मुलांचं रक्त तपासूनच मला खात्री हवी. पट्ट्याची खात्री मी लिहीत नाही."

दादाने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं: छत्तिसात एक. गाढवाला गुळाची चव काय. घरी येताना तो खुशीत होता. गल्ल्यावर बसून येईल त्याला सांगू लागला की आपली पोरं मार खाऊन खाऊन पास झाली. आणि म्हणाला, आता हॉस्पिटलचं खूळ पुरे, बाळंतपण घरी होईल, पहिली तीन झाली तशी.

चार दिवस गेले. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी फरशीवर पाणी मारत होते. तिने कट्ट्यावर हाडांचे तुकडे मांडले होते, आठ एका बाजूला, आठ दुसऱ्या. एका बाजूचे चार उचलून टोपलीत टाकले. मग दोन. मग तिचा हात थांबला.

"वन्सं," ती म्हणाली, "तिसरा उचलता येत नाही मला."

मला कळलं नाही. मग कळलं आणि हातातली बादली खाली ठेवावी लागली.

"थोरल्यात माझं रक्तच नाही. तो धडधाकट आहे म्हणून माझ्याबद्दल काय कळणार? काही नाही. शेजारणीचा पोरगा धडधाकट असल्यासारखंच ते." तिने उरलेले तुकडे मोजले. "आठ आणि दोन. दहा. त्यात दोन वाहक. पाचात एक आहे वन्सं, नवात नाही. पोरगा झाला तर दहात एक."

"मग मॅडमना सांग."

"काय सांगू? की तो माझा नाही?" ती हे इतक्या हळू म्हणाली की मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. "सतरा वर्षांत हे शब्द तोंडातून काढले नाहीत मी."

मी नणंदच, माझी जीभ धड नाही. म्हटलं, "आणि नाही सांगितलंस तर? दादा घरी बाळंतपण करणार. बाळ अडलं तर ओढून काढतील. दहात एक आहे तर दहात एक म्हणून तयारी नको का?"

ती तुकडे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मला बाळंतपणाची भीती नाही. मला नंतरची आहे. ही तिघं दणकट आहेत म्हणून या घरात जगली. माझ्या भावासारखं पोर या घरात किती दिवस टिकेल?"

आम्ही दादाला न सांगता पुन्हा गेलो. मधल्या आणि धाकट्याला बरोबर नेलं. त्यांचं रक्त घेतलं. धाकट्याने बोंब मारली, मधला डोळे मिटून बसला. पोरांना बाहेर बाकावर बसवून वहिनी आत शिरली आणि उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, मी चुकीचं सांगितलं. थोरला माझ्या पोटचा नाही." म्हणाली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली, एखादीने पोटात लाथ खाल्ल्यावर राहावं तशी.

मॅडमनी तिला बसवलं. आधीचा कागद फाडला नाही, त्यावर फुलीही मारली नाही. नवा कागद घेतला, थोरल्याचा चौकोन पुन्हा काढला, तो वेगळ्या रेघेने दादाच्या पहिल्या बायकोला जोडला आणि त्याच्यापासून वहिनीपर्यंत एक तुटक रेघ ओढली. "मी विचारायला हवं होतं, पोटचे किती," त्या म्हणाल्या. "तुमचं चुकलं नाही. पाचात एक. मुलगा असला तर दहात एक."

मग वहिनी बोलायला लागली आणि थांबेना. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पेन खाली ठेवलंत ना, तसं मला कधी झालं नाही. तो पोरांना मारायचा आणि मी कोपऱ्यात उभी राहून वाट बघायचे. तो बाहेर गेला की आधी पोरांचे गुडघे दाबायचे. सुजले नाहीत की मला बरं वाटायचं. मॅडम, माझ्या पोरांना मार बसला की मला बरं वाटायचं. म्हणजे रोग नाही. दरवेळी वाटायचं, चला, माझं रक्त चांगलं आहे. मी त्याला थांबवलं नाही कारण मला उत्तर हवं होतं."

मॅडमनी तिचा हात धरला. "हे उत्तर एका सुईत मिळत होतं," त्या म्हणाल्या, "पण ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता सांगते. आकडा दहात एक असो की हजारात एक, तो घरातल्या माणसाच्या हाताला परवाना देत नाही. धडधाकट पोरगं म्हणजे मारायचं पोरगं नव्हे." मग त्यांनी बाळंतपणाची चिठ्ठी लिहिली: इथेच व्हायचं, बाळ ओढायला चिमटा किंवा पंप लावायचा नाही, नाळेतलं रक्त तपासायला पाठवायचं, ते ठीक आल्याशिवाय बाळाच्या मांडीत सुई टोचायची नाही.

मधल्याचं आणि धाकट्याचं रक्त चांगलं निघालं. त्याच संध्याकाळी वहिनीने दादाला सगळं सांगितलं. दुकान बंद झालं होतं, शटर अर्धं खाली होतं. थोरला मागच्या मोरीत ओंडका घासायचा ब्रश धूत होता.

"बाळंतपण हॉस्पिटलात होईल," ती म्हणाली. "आणि आजपासून या घरात हात उठायचा नाही. पाचात एक आहे. बाळ आजारी असलं तर एका चापटीने जाईल."

"नवात होतं ते पाचात कसं आलं?"

"मी थोरल्याचं खरं सांगितलं."

दादाने तिला पहिली मारली ती तोंडावर. दुसरी पोटाकडे आली तेव्हा ती वळली आणि ती बरगडीवर बसली. मी त्याच्या पाठीला लोंबकळले, त्याने मला झटकलं आणि माझं डोकं वजनकाट्यावर आदळलं. मोरीतून थोरला धावत आला आणि नेहमीसारखा मध्ये उभा राहिला. लहानपणापासून त्याची ती सवय होती. दोघा धाकट्यांच्या वाटचं निम्मं त्यानेच खाल्लं असेल.

"तू कशाला मध्ये पडतोस?" दादा ओरडला. "तुझी आई नाही ती. डॉक्टरणीपुढे स्वतःच सांगून आलीय. तुझी आई मेली, तू झालास तेव्हाच."

जीभ कापीन म्हणणाऱ्यानेच स्वतःची जीभ सैल सोडली. थोरल्याचे हात खाली आले. तो वहिनीकडे बघत होता, बापाकडे नाही, म्हणून त्याला पोलादी कांडी दिसलीच नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर, कान फाटला, थोरला गुडघ्यांवर आला तरी दादा थांबेना. धुतलेल्या फरशीवर रक्त आलं. तिसऱ्यासाठी दादाने एक हात ओंडक्यावर टेकून दुसरा उचलला.

वहिनीने सत्तूर उलटा धरला. हे मी पाहिलं, आणि पुढे पोलिसांनाही हेच सांगितलं: उलटा धरला, पात्याची जाड बाजू खाली. ओंडक्यावर टेकलेल्या मनगटावर तिने तो पूर्ण ताकदीने आणला. मांडीचं हाड एका घावात तोडणारी बाई ती. आवाज तोच आला. दादाच्या दुसऱ्या हातातून कांडी गळाली आणि तो बसला, तोंड उघडं, पण आवाज नाही. वहिनीने सत्तूर फिरवून धार खाली केली आणि त्याच्या तोंडापुढे धरली.

"पुढचा सुलटा असेल," ती म्हणाली.

मला भावाची दया आली नाही. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की मी फरशीवर बसूनच हसायला लागले, आणि डोक्यातलं रक्त तोंडात जात होतं.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. वहिनीनेच त्याला दोन फळ्या बांधल्या आणि आम्ही सगळे एकाच रिक्षातून हॉस्पिटलात गेलो, दादा विव्हळत, थोरला कानावर फडकं धरून. पोलिसांनी विचारल्यावर दादा आधी बायकोने खून करायचा प्रयत्न केला म्हणाला. मग थोरल्याचा कान, वहिनीची बरगडी आणि माझं डोकं एका रांगेत बघून त्यांनीच त्याला विचारायला सुरुवात केली. चोराच्या उलट्या बोंबा किती वेळ चालणार? तो नंतर आमच्या चुलत्याकडे राहायला गेला. दुकान वहिनी चालवते.

थोरला घरात होता, कामही करत होता, पण वहिनीला आई म्हणत नव्हता. काहीच म्हणत नव्हता. "हे कुठे ठेवू?" "किती तोडू?" एवढंच. वहिनी त्याच्या ताटात वाढायची आणि तो खाली मान घालून जेवायचा. मी एकदा त्याला झापायला गेले तर वहिनीनेच मला अडवलं.

मुलगा झाला. हॉस्पिटलातच, चिमट्याशिवाय, वहिनी शिव्या देत असताना. नाळेचं रक्त गेलं आणि परत आलेल्या कागदावर तो घटक जवळजवळ नव्हताच. हिमोफिलिया, जोराचा, मामासारखाच.

मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. थोरला खाटेच्या पायथ्याशी उभा होता, मधला-धाकटा घरी. दादाही आला होता. बाळ बघायचा त्याला हक्क होता असं मलाच वाटलं आणि मीच निरोप धाडला होता. हात अजून प्लास्टरमध्ये.

"छत्तिसात एक म्हणाला होतात," दादा मॅडमच्या अंगावर गेला. "खोटारड्या आहात तुम्ही."

"शक्यता कमी म्हणजे नाही असं नव्हे," मॅडम म्हणाल्या. आवाज तोच, हळू. "आणि आता तो आकडा संपला. हे बाळ आजारी आहे म्हणजे आई वाहक आहेच. आधीचे दोन मुलगे चांगले निघाले तो योग होता. आता पाचात एक नाही, पूर्ण एक."

दादाने चांगला हात उचलला. कुणावर ते त्यालाही माहीत नसावं, जित्याची खोड ती. वहिनीने बाळ छातीशी घेतलं आणि पाठ केली. थोरल्याने बापाचं ते मनगट हवेत धरलं, त्याला दारापर्यंत नेलं आणि वॉर्डाबाहेर सोडून दार लावलं. मी उठले नाही. निरोप धाडल्याची लाज मात्र वाटली.

थोरला परत आला. मॅडमकडे वळून म्हणाला, "म्हणजे मी जेवढा मार खाल्ला तो तुमच्या गणितात कुठेच धरला नाही?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे मला आवडलं. "तुझ्यात यांचं जनुक नाही. तुझ्यावरून यांच्याबद्दल काही कळत नाही."

"मला रोग होऊच शकत नव्हता."

"आईंकडून येणारा, नाही."

मग तो कितीतरी दिवसांनी वहिनीशी सरळ बोलला. "तुला माहीत होतं. मी तुझा नाही, मला ते होणार नाही, तुला पहिल्यापासून माहीत होतं. मग बाबांनी मारलं की माझेही गुडघे का दाबायचीस? आधी माझेच दाबायचीस. आणि पहिल्या दिवशी यांना तीन का सांगितलंस?"

वहिनीच्या कुशीत ते पोर, ज्याला आयुष्यभर कुणी जोराने धरायचं नव्हतं. भाऊ गेला तेव्हा ती रडली नव्हती म्हणतात, दादाचं मनगट मोडलं तेव्हा तर नाहीच. आता मात्र रडत होती.

"विसरायचे रे," ती म्हणाली. "दरवेळी विसरायचे."